वयाचा भाग की आजार? दादाची तपासणी कशी झाली

मानसोपचारतज्ज्ञांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो नववीबद्दल. मुलगा अकरावीत, वय १६, आणि आम्ही गेलो होतो गेल्या काही महिन्यांच्या तक्रारी घेऊन. मी पतसंस्थेत काम करते, तारखेसकट लिहून ठेवायची सवय हाडात मुरलेली. वहीत सगळं टिपून नेलं होतं. आंघोळ टाळतो. रात्री दोन-तीनपर्यंत जागा असतो. वडिलांशी उलट बोलतो. केस वाढवलेत. खोलीचं दार बंद करून बसतो. क्लासला दांड्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीय. डॉक्टरांनी वही घेतली आणि म्हणाले, "ही बघतोच मी. पण आधी सांगा, नववीत हा कसा होता? मित्र कोण होते, खेळायचा काय, घरात किती बोलायचा?"

नववीत तो शाळेच्या कबड्डी संघात होता. संध्याकाळी गुडघे फोडून यायचा आणि जेवताना कोणी कोणाची पकड केली ते हातवारे करून सांगायचा. तीन जिवाभावाचे मित्र, मार्क ऐंशीच्या आसपास, धाकट्या बहिणीशी रोजची मारामारी. घरात सगळेच त्याला दादा म्हणतात, इथेही तेच लिहिते. (हे छापू का म्हणून त्याला विचारलं. वाचून त्याने दोन गोष्टी काढायला लावल्या, बाकीचं ठेव म्हणाला.)

ते ऐकून झाल्यावर डॉक्टरांनी वही उघडली आणि पेन्सिलीने एकेक ओळीपुढे खुणा करायला लागले. केस, फुली. वडिलांशी वाद, फुली. यांना ते जरा लागलं, कारण यांच्या लेखी मुख्य तक्रार तीच होती. डॉक्टर म्हणाले, "या वयात बापाशी भांडत नाही असा मुलगा मला दाखवा." बंद दारापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं. दार सगळीच मुलं लावतात, पण दाराआड तो काय करतो? कुणाशी फोनवर हसतो का, गेम खेळतो का, गाणी लावतो का? रुसलेलं पोर आईबापाशी बोलत नाही, पण मित्रांसाठी त्याचा वेळ असतोच. आमच्याकडे दाराआडून कसलाच आवाज येत नव्हता. मित्र घरी आले तर "नाही म्हणून सांग" असं बहिणीला सांगायचा. आणि ज्या मोबाइलसाठी दहावीत घर डोक्यावर घेतलं होतं, तो मोबाइल आता कपाटात कपड्यांखाली पडलेला असायचा. डॉक्टरांनी वहीत नसलेली ही ओळ स्वतः लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली.

मग त्यांनी सगळं महिन्यांवर मांडलं. दहावीचा निकाल, अकरावी सुरू झाली, गणपती, नवरात्र, दिवाळी. प्रत्येक टप्प्याला काय करत होता आणि काय सोडलं. निकालानंतर व्यवस्थित होता. गणपतीत मंडळात गेला, पण विसर्जनाच्या मिरवणुकीतून आवाज सहन होत नाही म्हणून परत आला. डॉल्बीपुढे मलाही सहन होत नाही, त्यामुळे तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं. नवरात्रापासून कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवायचा. सहामाहीला पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर असायचा. विचारलं तर म्हणाला, "शब्द कळतात, पण वाक्य लागत नाही." दिवाळीच्या आसपास मित्र सुटले, आंघोळ सुटली. डॉक्टरांनी बोटाने ती उतरण दाखवली. लहरी मुलाचे चार दिवस वाईट जातात, मग एक दिवस स्वारी खुशीत असते. परीक्षा संपली, भांडण मिटलं की गाडी रुळावर येते. इथे वर जाणारा दिवसच सापडत नव्हता, आणि घसरण घर, कॉलेज, मैदान या तिन्ही ठिकाणी एकदम होती. त्यांनी वर्गशिक्षिकांशी बोलायची परवानगी मागितली ती याचसाठी. घरात एक आणि बाहेर वेगळा असेल तर विचार वेगळा करावा लागतो.

यानंतर आम्हाला बाहेर बसवून ते दादाशी एकट्याने बोलले. आधीच त्याच्यासमोर सांगून टाकलं, की त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेवढंच ते आम्हाला सांगतील, बाकीचं त्याच्या मर्जीवर. आतलं मला बऱ्याच दिवसांनी दादाकडूनच कळलं. कॅमेऱ्यावरच्या चिकटपट्टीबद्दल डॉक्टरांनी फक्त "का लावलीस?" असं विचारलं. चिकटपट्टी लॅपटॉपवर मोठे मोठे लोकही लावतात, त्यात काही नाही. दादा आधी "हॅकर" म्हणाला. मग हळूहळू बाहेर आलं, की क्लासमधली काही मुलं ठरवून खोकतात. तो बाकावर बसला की एक खोकतो, मग दुसरा. ती खूण आहे. फोनमधून त्यांना कळतं की तो काय विचार करतोय.

इथे मला वाटलं असतं, झालं, निदान झालं. पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, "याची तुला किती टक्के खात्री आहे?" दादा म्हणाला, साठ-सत्तर. "उरलेले तीस टक्के कशाचे?" तर म्हणाला, कदाचित सर्दी असेल, सीझन आहे. मग विचारलं, "या विचारामुळे तू काय काय केलंस?" जागा बदलली, फोन बंद ठेवला, दांड्या मारल्या. कुणाला जाब विचारला का, मारायला गेला का? नाही. आठवड्यातून किती वेळा असं वाटतं? जवळजवळ रोज. एकटा घरी असताना? घरीही, अधूनमधून.

या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी समजावला. लाजाळू, बुजऱ्या मुलालाही लोक आपल्यालाच हसतात असं वाटतं. पण ते चारचौघांत वाटतं, घरी आला की ओसरतं, आणि मनातून त्याला ठाऊक असतं की आपण फार मनाला लावून घेतोय. उदास झालेल्या मुलालाही लोक नावं ठेवतात असं वाटतं, पण त्याचं म्हणणं असतं, मी आहेच तसा नालायक. ओसीडीच्या मुलाला भयंकर विचार येतात, पण ते आपल्याच डोक्यातले आहेत, नको असताना येतात, हे तो स्वतः सांगतो. दादाच्या बोलण्यात तिसरंच होतं: बाहेरच्यांनी काहीतरी रचलंय, त्याला अर्थ आहे, आणि तो अर्थ फक्त माझ्यासाठी आहे. शिवाय आपले विचार आपल्याजवळ राहत नाहीत ही भावना. मॅडम म्हणाल्या, नुसत्या संशयापेक्षा हिच्याकडे आम्ही जास्त लक्ष देतो.

आवाजाचंही असंच. दिवाळीनंतर तो स्वयंपाकघरात यायचा आणि विचारायचा, "आई, हाक मारलीस?" मी कणीक मळत असायचे, तोंडातून अक्षर काढलेलं नसायचं. हे मी डॉक्टरांना मोठ्या धास्तीने सांगितलं. त्यांनी सांगितलं की १३ ते १८ वयाच्या मुलांना सरसकट विचारलं तर शंभरात सात-आठ जण काही ना काही भास झाल्याचं सांगतात, त्याहून लहान मुलांत तर जास्तच, आणि बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. झोपेच्या उंबरठ्यावर हाक ऐकू येणं, घरातलं माणूस गेल्यावर त्याचा आवाज येणं, हे आजारात मोजत नाहीत. म्हणून त्यांचे प्रश्न बारीक होते. पूर्ण जागा असताना येतो का? कानातून येतो की डोक्यातून? नुसती हाक की वाक्य? एक आवाज की दोघं आपापसात बोलतात? तो काही करायला सांगतो का? आणि हाक आली की तू काय करतोस? दादाचं उत्तर होतं, उठून बघायला येतो, कुणी नसलं की मग कळतं भास होता. "कळतं" हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं.

त्यांनी म्हणीही विचारल्या. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय वगैरे. दादाला धड सांगता आलं नाही. मी घाबरले तर डॉक्टर हसून म्हणाले, "हल्लीच्या पोरांना म्हणी येतच नाहीत, मी त्यावर फार भर देत नाही. तो बोलताना धागा सोडतो का, ते ऐकत होतो." धागा तो सोडत होता. वाक्य सुरू करायचा, मध्ये थांबायचा आणि दुसरंच बोलायला लागायचा.

मरणाचे विचार येतात का हे त्यांनी त्याला सरळ विचारलं, आडून नाही. सलग काही दिवस झोप न घेताही अंगात वीज संचारल्यासारखं, सगळं जग जिंकल्यासारखं वाटलं का, हेही. ते उन्मादासाठी. दोन्ही नव्हतं.

गांजाचं मात्र होतं. लघवीच्या तपासणीची चिठ्ठी बघूनच दादाने सांगून टाकलं. क्लासच्या मुलांबरोबर गच्चीवर, पावसाळ्यात काही वेळा. यांचा चेहरा पडला आणि लगेच, "बघा, हेच कारण" असं झालं. डॉक्टरांनी ते उचलून धरलं नाही आणि उडवूनही लावलं नाही. गांजाने असा त्रास होऊ शकतो, ज्याला मुळात धोका आहे त्याचा धोका वाढतोही. पण नुसता नशेचा परिणाम असेल तर पूर्ण बंद केल्यावर साधारण महिन्याभरात ओसरायला हवा. तो पूर्ण बंद करायचा आणि बघायचं. आवाज सहन न होणं गांजाच्या आधीपासूनचं की नंतरचं, हे त्यांनी पुन्हा त्या महिन्यांच्या कागदावर जाऊन तपासलं.

शरीराच्या तपासण्यांत रक्त, थायरॉइड, बी १२, साखर, लिव्हर हे सगळं झालं. हात थरथरतात का, अक्षर बिघडलंय का, बोलताना जीभ अडखळते का, हे त्यांनी बघितलं. या वयात यकृत आणि मेंदूत तांबं साठण्याचा विल्सन नावाचा दुर्मीळ आजार असाच सुरू होऊ शकतो, आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून तो नजरेतून सुटता कामा नये. एमआरआय लगेच करायचा का, असं मी विचारलं. सरसकट करत नाहीत म्हणाले. फिट आली, मध्येच भान हरपलं, ताप-डोकेदुखीबरोबर काही दिवसांतच वागणं पार पालटलं, तोंडाच्या किंवा हाताच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर मात्र थांबायचं नाही, सरळ मोठ्या रुग्णालयात न्यायचं. मेंदूच्या सुजेचा एक प्रकार सुरुवातीला हुबेहूब मनोविकारासारखा दिसतो. दादाचं सगळं महिनोन्महिने सावकाश झालं होतं आणि भान शाबूत होतं.

सासूबाईंचं मत पहिल्यापासून 'बाहेरचं काहीतरी' असं होतं. त्या एका भेटीला आल्या आणि डॉक्टरांना तसं सांगितलंही. त्यांनी वाद घातला नाही. "आजी, तुमच्या घरात, गावात हे मानणारे आणखी लोक आहेत ना?" आहेत. "आणि दादाला मुलं खोकून खुणा करतात, हे मानणारं कोण आहे?" सासूबाई म्हणाल्या, कोणीच नाही, आम्हालाही ते खोटंच वाटतं. डॉक्टर म्हणाले, "मग तुमचं आणि त्याचं एक नाही." अंगारा लावा, पण औषधोपचार आणि झोप यांच्या आड काही येऊ देऊ नका, इतकंच. त्याच भेटीत सासूबाईंकडून निघालं की त्यांच्या एका दिरांना विशीच्या आत असंच काहीतरी झालं होतं आणि ते आयुष्यभर मळ्यातल्या खोलीत राहिले. यांनाही हे पुरतं माहीत नव्हतं. नातं जितकं जवळचं तितका धोका जास्त असतो, हे लांबचं होतं, तरी फाइलीत गेलं.

सायकॉलॉजिस्ट मॅडमची एक लांबलचक मुलाखत झाली. त्यात विचित्र कल्पना, संशय, स्वतःबद्दलच्या अवास्तव कल्पना, भास आणि विस्कळीत बोलणं अशा पाच बाबींना शून्य ते सहा गुण देतात. दोनपर्यंत असेल तर त्याला कोणी फारसं महत्त्व देत नाही. तीन ते पाच म्हणजे लक्षणं आहेत, त्रास देतायत, पण मुलाच्या मनात अजून शंकेला जागा आहे. सहा म्हणजे ती जागा संपली. दादाचे संशय आणि विचित्र कल्पना चार-पाचाच्या घरात होत्या, भास तीनवर. मॅडमनी सांगितलं की याला अतिजोखमीची अवस्था म्हणतात. सायकोसिस, म्हणजे भास आणि संशय पूर्ण खरे वाटू लागतात तो आजार, हा नाही. अशा अवस्थेतल्या मुलांपैकी साधारण पाचातल्या किंवा चारातल्या एकाला दोन-तीन वर्षांत पूर्ण आजार होतो. बाकीच्यांना होत नाही, काहींची चिंता किंवा उदासी मात्र मागे राहते.

म्हणून पहिल्या खेपेला गोळ्या दिल्या नाहीत. हे आम्हाला पचायला जड गेलं, कारण एवढ्या तपासण्यांनंतर माणूस हातात चिठ्ठी मागतो. कारण असं सांगितलं, की ज्याला आजार होणारच नाही अशा बहुतेक मुलांना सायकोसिसची औषधं देऊन वजन, साखर, सुस्ती मागे लावणं योग्य नाही, आणि या टप्प्यावर ती औषधं आजार अडवतातच असा भक्कम पुरावा नाही. त्याऐवजी दर आठवड्याला मॅडमकडे सत्र. त्यात "तुला भास होतोय" असं कोणी पटवत नव्हतं. खोकल्याची दुसरी काय कारणं असू शकतात याची यादी तो स्वतः करायचा आणि वर्गात ताडून बघायचा. झोपेची वेळ ठरली. गांजा बंद. दोन विषयांच्या क्लासला रजा. आणि आम्हाला लक्ष ठेवायला काय सांगितलं, तर खात्रीची टक्केवारी. वाद घालून ती खोदायची नाही, पण तो आपणहून बोलला की त्या बोलण्यात "कदाचित" उरलाय का, ते ऐकायचं.

गांजा बंद होऊन महिना उलटला. आवाज थोडे कमी झाले, संशय तसाच राहिला. महाशिवरात्रीच्या सुमारास दादाने डबा न्यायचं बंद केलं. आधी भूक नाही म्हणाला. मग रोज पोळी स्वतः लाटायला लागला, पाणी फक्त नळाचं, ओंजळीने. मी शेंगदाण्याची चटणी वाढली तर ताट बाजूला सरकवून म्हणाला, "त्यांनी यात घातलंय. तुला माहीत नाही, पण घातलंय." मी म्हटलं, सीझनची सर्दी असेल असं तूच म्हणाला होतास ना? तो शांतपणे म्हणाला, "तेव्हा मला कळलं नव्हतं." त्याच रात्री यांनी डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी टक्केवारी शंभर होती, उरलेल्या टक्क्यांत काय, या प्रश्नालाच त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खाणंपिणं त्या विचारावर चालत होतं.

आता गोळी सुरू झाली, रिस्पेरिडोन, अर्ध्या मिलिग्रॅमपासून. त्याआधी वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, चरबी आणि ईसीजी, म्हणजे पुढे काय बदललं ते मोजता येईल. भरती करायची का यावर चर्चा झाली. तो खात होता, जिवाला धोका नव्हता, घरात कायम माणूस होतं, म्हणून घरीच ठेवलं. पहिल्या आठवड्यात मान आखडली किंवा डोळे वर गेले तर लगेच या असं बजावलं होतं. तसं झालं नाही. पण पाय सतत हलवत बसायचा, बसवत नाही म्हणायचा. ती घालमेल आजाराची नव्हती, औषधाची होती. डॉक्टरांना सांगितल्यावर डोस वाढवायचा वेग कमी केला आणि ती गेली.

फाइलीवर त्यांनी स्किझोफ्रेनिया लिहिलं नाही, 'सायकोसिस, प्रकार अनिश्चित' असं लिहिलं. पहिल्या झटक्यात पुढचा मार्ग दिसत नाही म्हणाले. काहींना नंतर उन्माद येतो आणि ते बायपोलर ठरतं, काहींचं काही महिन्यांत पूर्ण उतरतं. स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारायला अमेरिकी निकषांनुसार सगळी लक्षणं धरून सहा महिने भरावे लागतात. दादाच्या बाबतीत घसरण कधीपासून मोजायची यावर डॉक्टर आणि मॅडम यांचंच एकमत नाही. एक गणपतीपासून मोजतात, एक दिवाळीपासून.

चटणीचा विषय साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात मिटला. एकदम नाही. आधी ऐंशी टक्के, मग पन्नास, मग "मला तसं वाटायचं" अशा भूतकाळात बोलायला लागला. वाचन मात्र अजून पूर्ण आलेलं नाही, पान-दीड पान झालं की थकतो. मॅडम म्हणाल्या, भास आणि संशय गोळीला ऐकतात, हा भाग तितका ऐकत नाही, त्यासाठी वेगळा सराव लागतो. त्याने अकरावी पुन्हा धरली आहे, बेताचेच विषय घेऊन. वजन चार किलो वाढलं, त्यावर आमची रोज खडाजंगी होते, कारण त्याला रात्री भूक लागते आणि बहीण चिडवते. गोळी किमान वर्ष-दोन वर्षं तरी चालेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा केस कापून घे म्हणून यांनी विषय काढला, तर दोघांचं चांगलंच वाजलं. ती ओळ मी वहीत लिहिली नाही.